इन्फ्लेमेबल की फ्लेमेबल? 'इन'ने केलेली फसवाफसवी

आजचा भाग आगीबद्दल आहे, पण खरं तर दोन अक्षरांबद्दल आहे.

आधी आमच्या घरातला एक किस्सा सांगते. मी तेव्हा आठवीत होते. गणपतीच्या आदल्या रात्री मखराला सोनेरी रंग मारायचं काम माझ्या दादाकडे होतं, आणि त्याला मदत, म्हणजे मध्येमध्ये लुडबुड, करायचं काम माझ्याकडे. थर्माकोलवर ब्रशने रंग नीट बसेना, म्हणून दादा कोपऱ्यावरच्या दुकानातून स्प्रेचा डबा घेऊन आला. दोन फूट अंतरावर आजीची समई तेवत होती. मी विचारलं, "दादा, ह्याने आग नाही ना लागणार?" त्याने डबा उलटा केला, बारीक अक्षरं वाचली आणि एकदम आत्मविश्वासाने म्हणाला, "लिहिलंय की, इन्फ्लेमेबल. इन म्हणजे नाही. इनॲक्टिव्ह, इनकरेक्ट, तसं इन्फ्लेमेबल. पेटत नाही."

मला पटलं. का नाही पटणार? व्याकरण बरोबरच होतं ना!

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. तिने डबा वाचला बिचला नाही. नुसता वास घेतला, दादाच्या हातातून डबा काढून घेतला आणि आम्हा दोघांना मखरासकट गॅलरीत हाकललं. म्हणून आज मी भुवयांसकट तुमच्याशी बोलतेय.

दादाची चूक मूर्खपणाची नव्हती, म्हणून ती माझ्या डोक्यात राहिली. त्याने नियम लावला आणि नियमानेच त्याला फसवलं. इन्फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारा. फ्लेमेबल म्हणजेही पेट घेणारा. आता हे असं का झालं, ते बघू. ही गोष्ट दोनेक हजार वर्षांची आहे आणि ती लॅटिनपासून सुरू होते.

लॅटिनमध्ये ज्वाळेला म्हणायचे 'फ्लामा'. त्यावरून क्रियापद झालं 'इन्फ्लामारे', म्हणजे पेटवणे, आग लावणे. ह्यातला 'इन' म्हणजे 'नाही' नव्हे. हा 'इन' म्हणजे आत, वर, कडे. इंग्रजीत आपण 'इन द रूम' म्हणतो ना, त्याचाच हा भाऊबंद. एखादी गोष्ट ज्वाळेत घालणं, असं काहीसं. पुढे 'आत'चा अर्थ पुसट झाला आणि उरला नुसता जोर. आपल्याकडे ज्वलन आहे आणि प्रज्वलन आहे, पण दीपप्रज्वलन म्हटल्यावर दिवा विझवायला कोणी उठत नाही. तो 'प्र' जसा निरुपद्रवी, तसाच हा 'इन'.

इंग्रजीने हे क्रियापद 'इन्फ्लेम' म्हणून घेतलं. मग ज्याला इन्फ्लेम करता येतं ते इन्फ्लेमेबल. सरळ हिशोब. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत वापरात होता आणि कोणालाही त्याची अडचण नव्हती. १७६६ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने धातूवर आम्ल टाकून निघणाऱ्या एका वायूचा अभ्यास मांडला. त्या वायूला तो म्हणायचा 'इन्फ्लेमेबल एअर', पेटणारी हवा. आज आपण त्याला हायड्रोजन म्हणतो. ते वाचताना "म्हणजे हा वायू पेटत नाही वाटतं" असा घोटाळा त्या काळच्या वाचकांचा होत नव्हता, कारण हे वाचणाऱ्या मंडळींना लॅटिन यायचं. इन्फ्लेम हे क्रियापद त्यांच्या ओळखीचं होतं.

मग गडबड कुठे झाली? गडबड अशी, की लॅटिनमध्ये 'इन' एक नव्हता, दोन होते. दिसायला जुळे, पण आईबाप वेगळे.

पहिला 'इन' आत्ता पाहिला, आत-वरचा. दुसरा 'इन' नकाराचा. आणि ह्या दुसऱ्याची कुळकथा आपल्या घरापर्यंत येते. संस्कृत, लॅटिन, ग्रीक, इंग्रजी ह्या सगळ्यांची जी एक खूप जुनी पूर्वज भाषा मानली जाते, तिच्यात नकारासाठी शब्दाच्या आधी एक 'न्'सारखा आवाज लावत. त्या एका आवाजाची पुढे प्रत्येक भाषेत वेगळी रूपं झाली. इंग्रजीत तो झाला 'अन', जसा अनहॅपीमधला. लॅटिनमध्ये झाला 'इन'. आणि संस्कृतमध्ये झाला 'अ', पुढे स्वर आला तर 'अन्'. म्हणजे आपल्या 'अशक्य'मधला अ आणि इंग्रजी 'इम्पॉसिबल'मधला इम हे सख्खे नातेवाईक आहेत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बसमध्ये एकटीच हसले होते.

तर लॅटिनमध्ये हे दोन्ही उपसर्ग बदलत बदलत एकाच आवाजावर येऊन थांबले. बरं, पुढच्या अक्षराप्रमाणे दोघं रूपही सारखंच बदलतात. 'प'च्या आधी दोघंही 'इम' होतात: इम्पोर्ट म्हणजे आत आणणे आणि इम्पॉसिबल म्हणजे अशक्य. 'ल'च्या आधी दोघांचाही न जाऊन ल येतो: इल्युमिनेट म्हणजे उजेड पाडणे आणि इल्लीगल म्हणजे बेकायदा. कपडेही सारखे, चालही सारखी. ओळखणार कसं?

रोमन लोकांनाही हा त्रास होता बरं का. लॅटिनमध्ये 'इम्मुतातुस' असा शब्द आहे. त्याचा एक अर्थ 'न बदललेला'. दुसरा अर्थ 'बदललेला'. 'इन्वोकातुस' म्हणजे 'बोलावलेला', आणि तोच शब्द 'न बोलावता आलेला'. लग्नात असा शब्द छापून पत्रिका पाठवली असती तर काय झालं असतं, विचार करा. संदर्भावरून त्यांचं भागायचं. माणूस समोर उभा असतो, वाक्य पूर्ण असतं, मागचं-पुढचं माहीत असतं.

पण डब्यावर संदर्भ नसतो. डब्यावर एकच शब्द असतो, आणि तो वाचणाऱ्याला लॅटिन येत नसतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेमकं हेच झालं. अमेरिकेत घरोघरी, कारखान्यांत, गोदामांत पेट्रोल, सॉल्व्हंट, रंग, सेल्युलॉइड आलं. ते हाताळणारे कोण? कामगार, ड्रायव्हर, पोरं. त्यांच्या रोजच्या इंग्रजीत 'इन' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही'. त्यांना पिंपावरचा इन्फ्लेमेबल हा शब्द दादासारखाच दिसणार, अशी धास्ती आगीशी संबंधित लोकांना वाटू लागली. १९२०च्या दशकात तिथल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने सांगायला सुरुवात केली, की इन्फ्लेमेबल सोडा आणि फ्लेमेबल लिहा. विमा कंपन्याही त्याच बाजूच्या. साहजिक आहे, गोदाम जळलं की पैसे त्यांनाच भरायचे.

फ्लेमेबल हा शब्द त्यांनी नव्याने घडवला नाही. तो १८१३ पासून इंग्रजीत होता, एका लॅटिन ग्रंथाच्या भाषांतरात तो दिसतो. पण शंभर वर्षं तो कोपऱ्यात पडून होता, कारण त्याची गरजच नव्हती. आग विझवणाऱ्यांनी त्याला धूळ झटकून बाहेर काढलं.

इथे एका माणसाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बेंजामिन ली वॉर्फ. भाषाशास्त्र शिकणाऱ्यांना हे नाव माहीत असतं, कारण 'आपण ज्या भाषेत विचार करतो ती आपल्या विचारांना वळण लावते' ह्या कल्पनेशी ते कायमचं जोडलं गेलंय. पण वॉर्फ पोटासाठी काय करायचा? तो एमआयटीमधून केमिकल इंजिनिअरिंग शिकलेला, आणि १९१९ पासून हार्टफर्ड फायर इन्शुरन्स कंपनीत आग प्रतिबंधाचं काम करायचा. कारखान्यांत जायचं, बघायचं, आग कशाने लागली किंवा लागू शकते ते लिहायचं. भाषा हा त्याचा उरलेल्या वेळेतला उद्योग होता.

त्याने आपल्या लेखात दिलेलं एक उदाहरण असं. पेट्रोलची भरलेली पिंपं ठेवली असतील तिथे लोक सांभाळून वागतात. पण 'रिकामी पिंपं' ठेवलेल्या जागी तेच लोक बिनधास्त सिगारेट ओढतात, थोटकं टाकतात. का? रिकामं म्हटलं की डोक्यात येतं 'काही नाही', आणि काही नाही म्हणजे धोका नाही. प्रत्यक्षात उलटं असतं. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि तीही हवेत मिसळल्यावर. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ असेल तेव्हाच ती पेटते. त्याहून कमी असेल तर पेटायला पुरत नाही आणि जास्त असेल तर हवा पुरत नाही. काठोकाठ भरलेल्या पिंपात वाफेला आणि हवेला जागाच नसते. 'रिकाम्या' पिंपात मात्र तळाला थोडं पेट्रोल, वर वाफ आणि हवा, असा स्फोटाचा सगळा मालमसाला हजर असतो. शब्द म्हणतो रिकामं, पिंप म्हणतं मी तयार आहे.

वॉर्फच्या ह्या उदाहरणावरून त्याचे मोठे सिद्धांत सिद्ध होतात की नाही ह्यावर भाषाशास्त्रज्ञ अजून भांडतात, आणि मला स्वतःला ते सगळे पटत नाहीत. पण लेबलवरचा शब्द माणसाच्या हाताला कसं वळवतो, हे त्याने भाजलेल्या गोदामांत उभं राहून पाहिलं होतं. इन्फ्लेमेबलची अडचण त्याच जातीची.

पुढे बदल सरकारी झाला. अमेरिकेत त्या काळात केसाळ, मऊ रेयॉनचे स्वेटर बाजारात आले होते. ठिणगी लागली की भडकन पेटायचे, लोक त्यांना 'मशाल स्वेटर' म्हणू लागले होते. त्यानंतर १९५३ मध्ये कायदा झाला, त्याचं नाव 'फ्लेमेबल फॅब्रिक्स ॲक्ट'. नवा शब्द थेट कायद्याच्या नावात. १९५९ मध्ये ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेही जाहीर केलं, की संदिग्धता टाळायला आम्ही फ्लेमेबल आणि नॉन-फ्लेमेबल हेच शब्द वापरायला सांगणार.

आणि आपण? त्याच सुमाराला, १९५२ मध्ये, भारताच्या संसदेने एक कायदा केला. नाव: 'इन्फ्लेमेबल सबस्टन्सेस ॲक्ट'. आपण जुनं इंग्रजी धरून राहिलो. म्हणून आजही हायवेवर टँकरच्या मागे 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं दिसतं, आणि तुमच्या घरातल्या डिओड्रंटवर मात्र फ्लेमेबल. दोन्ही तुमच्या डोळ्यांसमोर, एकाच दिवशी.

माझ्या मते खरी गोची इथेच आहे. जोपर्यंत फक्त इन्फ्लेमेबल होता, तोपर्यंत वाचणारा गोंधळला तरी निदान विचारत असे. पण एकदा फ्लेमेबल सगळीकडे दिसायला लागला, की इन्फ्लेमेबल आपोआप त्याचा विरुद्धार्थी दिसू लागतो. ॲक्टिव्ह-इनॲक्टिव्ह, तसं फ्लेमेबल-इन्फ्लेमेबल. म्हणजे औषधाने रोग थोडा वाढवला! उपाय चुकीचा नव्हता, पण तो अर्धवट राहिला की जास्त धोकादायक. एक तर सगळीकडे बदला, नाहीतर बदलू नका.

फ्रेंचमध्ये बघा, तिथे हा बदल झालाच नाही. तिथे पेटणाऱ्याला 'इन्फ्लामाब्ल' म्हणतात, आणि न पेटणाऱ्याला चक्क 'इनिन्फ्लामाब्ल'. दोन इन एकामागे एक: आधी नकाराचा, मग पेटवण्याचा. ऐकायला तोतरं वाटतं, पण अर्थ पक्का. उलट फ्रेंच 'इनाबिताब्ल' म्हणजे राहण्यालायक नसलेलं घर, आणि इंग्रजीत अक्षर न् अक्षर तेच असलेलं 'इनहॅबिटेबल' म्हणजे राहण्यालायक. फ्रान्समध्ये खोली भाड्याने घेणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

मग ओळखायचं कसं? एक साधी युक्ती आहे. शेवटचा 'एबल' झाका आणि बघा, 'इन' धरून क्रियापद उरतं का. इन्फ्लेमेबल झाकला तर उरतो इन्फ्लेम. असं क्रियापद आहे. शरीरात जळजळ-सूज झाली की डॉक्टर इन्फ्लमेशन म्हणतात, ते त्याच घरातलं. म्हणजे हा इन क्रियापदाचाच, नकाराचा नाही. आता इनव्हॅल्युएबल घ्या. झाकला तर 'इनव्हॅल्यू'. असं काही नाही. म्हणजे इथला इन खरंच नकाराचा आहे, तरीही शब्दाचा अर्थ 'फार मौल्यवान'. कारण तो म्हणतो, ह्याचं मोल करताच येत नाही. आपल्याला हे समजावून सांगायला नको, कारण आपलं 'अमूल्य' अगदी असंच बनलंय. मूल्यवान वस्तू चांगली आणि अमूल्य वस्तू त्याहून चांगली. आजवर कोणी अमूल्य सहकार्याबद्दल आभार मानल्यावर रागावलेलं नाही.

आणि आता आपण आपल्याच घरात शिरलोय, तर एक गंमत. लॅटिनसारखे जुळे उपसर्ग आपल्याकडेही आहेत. 'अनुचर' आणि 'अनुचित' हे शब्द शेजारी ठेवा. दोघांची सुरुवात 'अनु'. पण अनुचर म्हणजे अनु अधिक चर, मागे चालणारा. अनुचित म्हणजे अन् अधिक उचित, योग्य नसलेला. एकात 'मागून' आहे, दुसऱ्यात 'नाही' आहे, आणि लिहिताना फरक शून्य. तसंच अनुदान आणि अनुदार. अनुदान म्हणजे सरकारकडून मिळतं ते, अनु अधिक दान. अनुदार म्हणजे अन् अधिक उदार, म्हणजे जे अनुदान देत नाही तो! अनुदारमधून 'अनु' काढलंत तर उरतं दार, आणि मग तुम्ही दार ठोठावत बसा. इथेही युक्ती तीच: 'अन्' काढून उरलेला उ-चा शब्द ओळखीचा आहे का ते बघायचं. उचित, उदार, उत्तीर्ण, उपस्थित. असेल तर नकार. चर, दान, भव, रूप उरत असेल तर मागून येणारा अनु.

पण इंग्रजीत जसा चुकीच्या तोडणीच्या भीतीने फ्लेमेबल पुढे आणावा लागला, तसं आपल्याकडे चुकीच्या तोडणीतून एक अख्खा शब्द जन्माला आलाय. तोही देवांसाठी.

'सुर' म्हणजे देव आणि 'असुर' म्हणजे देव नसलेला, राक्षस. शाळेत आपण समास असाच सोडवतो. आता गंमत अशी, की ऋग्वेदात 'असुर' हा शब्द आहे आणि तिथे तो कितीतरी वेळा आदराने येतो. वरुणाला असुर म्हटलंय, अग्नीला म्हटलंय. अर्थ साधारण बलवान, प्रभू, स्वामी. इराणी बाजूला ह्याच शब्दाचं रूप झालं 'अहुर', आणि पारशी लोकांच्या सर्वोच्च ईश्वराचं नाव आहे अहुर मज्द. म्हणजे त्या असुरातला 'अ' नकाराचा नव्हताच. तो शब्दाचाच भाग होता, जसा अंजीरमधला अं.

पुढच्या काळात असुर शब्दाचा अर्थ घसरत घसरत देवांचा शत्रू असा झाला. मग ऐकणाऱ्यांना वाटलं, अरेच्चा, हा तर 'अ' अधिक 'सुर' दिसतोय. असुर म्हणजे जर देव नसलेला, तर सुर म्हणजे देव असणार. आणि असा 'सुर' हा शब्द तयार झाला. ऋग्वेदात देव ह्या अर्थाने 'सुर' सापडत नाही, तो नंतरचा. सुरेश, सुरेंद्र, सुरवर, ही सगळी नावं त्या एका तोडणीतून आली. आमच्या वाड्यात दोन सुरेशकाका होते, त्यातल्या एकाला मी हे सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे आधी असुर, मग मी." हो काका, दुर्दैवाने भाषेच्या हिशोबात तसंच आहे.

बरं, टँकरचं राहिलं. पेट्रोल कायद्यात शब्दांवर विसंबून राहिलेलं नाही, तिथे आकडा आहे. ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. भारतातल्या नियमांत हा २३ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर माल वर्ग अ, २३ ते ६५ असेल तर वर्ग ब, त्यावर ९३ पर्यंत वर्ग क. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली चाळीसच्या आसपास असतो, म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीतही ते तयारच. टँकरवर एक लाल चौकोन टोकावर उभा केलेला दिसतो, त्यात ज्वाळेचं चित्र आणि खाली ३ हा आकडा. शेजारी १२०३ लिहिलं असेल तर आत पेट्रोल आहे, जगात कुठेही, कुठल्याही भाषेत.

आणि मराठीत त्याच टँकरवर काय लिहितात? 'ज्वालाग्राही' किंवा 'ज्वलनशील'. पुढे 'अति' लावला तरी अर्थ उलटत नाही, फक्त वाढतो. दादाला हे मी परवा फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मग त्या डब्यावर मराठीत का नव्हतं लिहिलेलं?"

तुम्हाला 'अनु'चे आणखी असे फसवे शब्द सापडले तर पाठवा. एक तुमच्यासाठी ठेवते: 'अनुपम'. कुठे तोडाल?